उडीची उंची आणि डेल्टा टाइम: सगळ्याला गुणण्याच्या सल्ल्याचा प्रतिवाद

संगणकावरचे खेळ लिहिणाऱ्यांना दिला जाणारा एक सल्ला असा: «वेगवान संगणकावर उडी वेगळी येते, कारण कोड फ्रेमच्या वेळेकडे दुर्लक्ष करतो. हालचालीच्या प्रत्येक ओळीला, उडीच्या वेगालाही, डेल्टा टाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणा. मग उडी सगळीकडे अगदी सारखी येईल. त्यानंतरही फरक उरला तर तो दशांशांचा किरकोळ खेळ समजा. गुणायचा कंटाळा असेल तर फ्रेम दर ६० वर बांधून टाका, प्रश्न मिटला.»

पहिल्या वाक्यातले कारण बरोबर आहे, पण ते ज्या रूपात सांगितले आहे त्या रूपात ते उडीच्या उंचीला लागू पडत नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पडताळणीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. पात्र जमिनीवरून सेकंदाला ८ मीटर वेगाने वर उडते आणि गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला त्याचा वेग २० मीटर प्रतिसेकंदाने कमी करते. कागदावर या उडीची उंची वेगाच्या वर्गाला गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीने भागून मिळते, म्हणजे ६४ भागिले ४०, अर्थात १.६ मीटर.

आता समजा की कोडमध्ये वेळ कुठेच नाही: वेग «दर फ्रेमला इतके मीटर» असा लिहिलेला आहे आणि गुरुत्वाकर्षणही दर फ्रेमलाच वजा होते. ६० च्या फ्रेम दरावर बेतलेले असे पात्र २४ फ्रेममध्ये शिखर गाठते. १२० च्या संगणकावरही ते २४ फ्रेममध्येच, त्याच उंचीला पोहोचते, फक्त ०.४ सेकंदांऐवजी ०.२ सेकंदांत. ३० च्या संगणकावर त्याला ०.८ सेकंद लागतात. थोडक्यात, वेळेकडे पूर्णपणे दुर्लक्ष करणाऱ्या कोडमध्ये खेळ धावतो किंवा रांगतो, पण उडीची उंची जागची हलत नाही. उंची बदलते ती वेळेकडे अर्धवट दुर्लक्ष केल्यावर, आणि त्याचे नेहमी दिसणारे रूप असे असते, यात `dt` म्हणजे डेल्टा टाइम:

```
velocity.y -= 0.333f;
position.y += velocity.y * dt;
```

इथे दुसऱ्या ओळीला वेळ माहीत आहे, पहिलीला नाही. ०.३३३ हा आकडा लिहिणाऱ्याने स्वतःच्या ६० फ्रेमच्या यंत्रावर जुळवलेला असतो (२० भागिले ६०) आणि तिथे उडी सुमारे १.५३ मीटर येते. १२० च्या यंत्रावर गुरुत्वाकर्षण सेकंदाला साठऐवजी एकशेवीस वेळा वजा होते, म्हणून उडी ०.७७ मीटरवर येते. ३० च्या यंत्रावर ती ३.०७ मीटरपर्यंत जाते. फ्रेम दर दुप्पट झाला की उंची बरोबर अर्धी होते, हीच या चुकीची ओळख. खेळ बनवण्याच्या पुष्कळ इंजिनांमध्ये पात्र हलवणारे तयार फलन वेगाला वेळेने आतल्या आत गुणत असल्यामुळे ही मिश्र स्थिती लिहिणाऱ्याच्या नकळत तयार होते.

उपाय म्हणून प्रत्येक ओळीला गुणा, हा सल्ला त्याहून घातक आहे. डेल्टा टाइमने गुणायचे ते सतत चालणाऱ्या बदलाला: वेगाने स्थान बदलते तेव्हा, त्वरणाने वेग बदलतो तेव्हा. उडीचा प्रारंभिक वेग हा बदलाचा दर नव्हे. तो एका क्षणी एकदाच दिलेला धक्का आहे आणि त्याचे एकक मुळातच मीटर प्रतिसेकंद आहे. त्याला गुणले की ८ चे ०.१३ होते, पात्र जमिनीवरून हलत नाही, म्हणून लिहिणारा आकडा वाढवत वाढवत ४८० पर्यंत नेतो आणि त्याच्या यंत्रावर सगळे जमते, कारण ४८० भागिले ६० म्हणजे पुन्हा ८ च. मात्र ३० फ्रेमच्या यंत्रावर हाच धक्का १६ होतो, आणि उंची वेगाच्या वर्गाबरोबर वाढत असल्यामुळे उडी जवळपास चौपट, म्हणजे ६.१ मीटर होते; १२० वर ती ०.३८ मीटर उरते. शिवाय ज्या फ्रेममध्ये कळ दाबली गेली तिची लांबी दर वेळी थोडी वेगळी असते, त्यामुळे एकाच संगणकावर लागोपाठच्या दोन उड्यांतही फरक पडतो. कोडमध्ये उडीच्या बळाचा आकडा शेकड्यांत दिसला तर हा संशय आधी घ्यावा. (सतत जोर लावणाऱ्या उड्डाणपेटीची गोष्ट वेगळी, तिथे गुणणे योग्यच आहे.)

समजा हे सगळे दुरुस्त केले: धक्का न गुणता दिला, गुरुत्वाकर्षण आणि स्थान दोन्ही वेळेने गुणले. तरीही उडी «अगदी सारखी» येत नाही, आणि माझ्या मते दाव्यातली सर्वांत कमी तपासली जाणारी चूक हीच आहे. वेग आधी कमी करून मग त्या वेगाने स्थान पुढे नेले तर उडी ३० फ्रेमवर १.४७, ६० वर १.५३, १२० वर १.५७ मीटर येते. कागदावरचे १.६ कुठेच मिळत नाहीत. कारण सरळ आहे: फ्रेमच्या सुरुवातीचा वेग जास्त आणि शेवटचा कमी असतो, पण हा कोड संपूर्ण फ्रेमभर शेवटचा, कमी झालेला वेगच वापरतो. प्रत्येक फ्रेममध्ये त्यामुळे थोडी उंची हुकते, आणि शिखरापर्यंतची एकूण तूट प्रारंभिक वेग गुणिले फ्रेमची लांबी यांच्या निम्मी भरते. ६० फ्रेमवर ती ६.७ सेंटिमीटर आहे आणि ३० वर १३.३. दोन ओळींचा क्रम उलटा केला, म्हणजे स्थान आधी आणि वेग नंतर, तर चूक तेवढीच राहते पण उलट दिशेने: ३० वर १.७३ मीटर, ६० वर १.६७. मंद संगणकावरची उडी उंच येते आहे की बुटकी, एवढे पाहूनही कोडमधला क्रम ओळखता येतो. फरक लहान वाटला तरी १.५ मीटर उंचीचा कठडा ठेवला असेल तर पहिल्या क्रमात ६० फ्रेमचा खेळाडू त्यावर चढतो आणि ३० फ्रेमचा कधीच चढत नाही.

याला दशांशांचा खेळ म्हणता येत नाही. सामान्य ३२ बिटांच्या दशांश संख्येत सुमारे सात अर्थपूर्ण अंक टिकतात, म्हणजे दीड मीटरच्या आसपास एका बेरजेतली चूक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. चोवीस बेरजांतून सहा सेंटिमीटर तयार होण्याइतकी ती मोठी नाही. पूर्णांकनाने उडी खरोखर बदलल्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे, पण तिथे पूर्णांकन जाणूनबुजून केलेले होते. १९९९ च्या «क्वेक ३ अरीना»मध्ये नेटवर्कवरचा भार वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेमनंतर खेळाडूचा वेग पूर्णांकात बसवला जाई. गुरुत्वाकर्षण ८०० एकके. १२५ फ्रेमवर, म्हणजे ८ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये, वेग ६.४ ने कमी व्हायला हवा, पण पूर्णांकनामुळे तो ६ नेच कमी होई. परिणामी गुरुत्वाकर्षण प्रत्यक्षात ७५० चे होऊन २७० च्या वेगाची उडी साधारण ४५.५ ऐवजी ४८.५ एककांच्या आसपास जाई, आणि जाणते खेळाडू मुद्दाम १२५ वरच खेळत.

स्थिर गुरुत्वाकर्षणापुरता अचूक उपाय मात्र एका पदाचा आहे:

```
position.y += velocity.y * dt - 0.5f * gravity * dt * dt;
velocity.y -= gravity * dt;
```

यात प्रत्येक फ्रेमच्या शेवटचे स्थान खऱ्या वक्रावरच पडते. उरतो तो फरक एवढाच की नेमके शिखर दोन फ्रेमच्या मध्ये येऊ शकते, आणि आपल्या उदाहरणात ३० फ्रेमवरही तो ३ मिलिमीटरच्या आत राहतो. या उपायाची मर्यादा अशी की हवेचा विरोध दर फ्रेमला ठरावीक टक्क्यांनी वेग कमी करत असेल किंवा कळ सोडताच वेग निम्मा होत असेल, तर तिथे फ्रेमची लांबी पुन्हा डोकावते. असे नियम ज्या खेळात अनेक आहेत तिथे हालचालीचे गणित ठरावीक लांबीच्या पावलांनी करणे हाच टिकाऊ मार्ग आहे:

```
accumulator += Math.Min(dt, 0.1f);
while (accumulator >= step) {
    Simulate(step);
    accumulator -= step;
}
```

साचलेल्या वेळेतून एकसारखी पावले कापून घेतल्यावर उडी कदाचित १.५३ मीटरच येईल, पण ती सगळ्यांकडे १.५३ च येईल आणि कठडे तिच्यावर बेतता येतील. ०.१ ची मर्यादा नसेल तर अतिमंद यंत्रावर पावले मोजण्यातच इतका वेळ जातो की पुढच्या फ्रेमला आणखी पावले साचतात आणि खेळ गोठतो. मर्यादा असली की तो फक्त संथ होतो. चित्र मात्र मागच्या आणि आताच्या पावलांच्या मधल्या स्थानावर काढावे, नाहीतर १४४ हर्ट्झच्या पडद्यावर हालचाल थरथरते.

फ्रेम दर ६० वर बांधण्याने यांतले काहीच साधत नाही, कारण ती मर्यादा फक्त वरच्या बाजूची आहे: वेगवान संगणकाला ती रोखते, पण ज्या संगणकाला ६० झेपतच नाहीत त्याला वर उचलत नाही. चांगल्या यंत्रावरही उडीच्या मध्येच एखादी फाइल वाचताना १०० मिलिसेकंदांची एक फ्रेम आली, तर दुरुस्त न केलेल्या कोडमध्ये त्या एका फ्रेमपायीच १० सेंटिमीटर उंची जाते.

तपासणी अवघड नाही. युनिटी या खेळाच्या इंजिनमध्ये `QualitySettings.vSyncCount = 0` करून `Application.targetFrameRate` ला ३०, ६० आणि १४४ अशा किमती द्याव्यात आणि प्रत्येक उडीतले सर्वोच्च स्थान लॉगमध्ये छापावे. उंची सारखी पण कालावधी वेगळा असेल तर वेळ कुठेच गुणलेली नाही. उंची दुपटी-चौपटीने बदलत असेल तर ती कुठेतरी वगळली आहे किंवा धक्क्याला लावली आहे. काही टक्क्यांचाच फरक असेल तर तो पावलांच्या गणिताचा आहे. ठरावीक पावलांकडे वळल्यावर वेगवान संगणकावर उडी कधी कधी लागतच नाही अशी तक्रार आली, तर कळ दाबल्याचे सांगणारे `Input.GetButtonDown` हे ठरावीक पावलागणिक चालणाऱ्या `FixedUpdate` मध्ये वाचले जात आहे का ते पाहावे. युनिटीत ठरावीक पावलाचे मूळ मूल्य ०.०२ सेकंद आहे, म्हणून १४४ फ्रेमपैकी सुमारे ९४ फ्रेममध्ये ते फलन चालतच नाही आणि त्या फ्रेममध्ये दाबलेली कळ हरवते. ती दर फ्रेमला चालणाऱ्या `Update` मध्ये वाचून पुढचे पाऊल पडेपर्यंत एका चलात जपून ठेवावी लागते.