१२.७० आणि क्यू टेस्ट

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला काठिण्य मोजायला आमच्या सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी नेलं होतं. ५० मिली पाणी, अमोनिया बफर, चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी आणि ब्युरेटमधून ०.०१ एम ईडीटीए. वाइन रेड रंग जाऊन निळा आला की थांबायचं. लागलेल्या ईडीटीएची, मिलीमध्ये, तीन रीडिंग आली : १२.३०, १२.३५, १२.४०. सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच रीडिंग, नसला तरी सभ्य कुटुंब. चौथं आलं १२.७०.

"खोडून टाक," पार्टनर म्हणाली. आमच्या बॅचला सीबीआर आणायची कला चांगलीच अवगत होती. खोडरबर आणि शेजाऱ्याची वही एवढीच सामग्री लागते. पण मॅडम मागेच उभ्या होत्या. "क्यू टेस्ट लावा. मग बघू."

वेगळं पडलेलं रीडिंग हाकलायचं की ठेवायचं, ते क्यू टेस्ट ठरवते. क्यू काढणं सोपं. संशयित रीडिंग आपल्या सख्ख्या शेजाऱ्यापासून किती लांब आहे ते बघायचं, म्हणजे १२.७० वजा १२.४०, ०.३०. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान रीडिंगमधलं अंतर ०.४०. भागाकार ०.७५. चार रीडिंग असतील तर ९० टक्के खात्रीसाठी तक्त्यात ०.७६५ लिहिलेलं. हाकलायला क्यू त्याहून मोठा हवा. ०.०१५ ने आमचा आरोपी सुटला! एका मार्काने नापास झाल्यावरही इतकं लागलं नव्हतं.

"तीनच घेतली असती तर?" पार्टनर कुजबुजली. तीनातली दोन अगदी सारखी आली की तिसरं कितीही जवळ असो, क्यू १ येतो आणि ते हमखास बाहेर जातं. ९० टक्क्यांची मर्यादा ०.९४१ आहे ना! म्हणजे सीबीआरवाल्यांसाठी क्यू टेस्ट हा सरकारी शिक्काच.

मग पाचवं रीडिंग घेतलं, या वेळी शेवटचे थेंब मोजून मोजून सोडत. १२.३५. क्यू तोच, ०.७५, पण पाचांसाठी मर्यादा ०.६४२. गेला! लगेच मी उरलेल्यांतल्या १२.३० कडेही वळले, तर मॅडमनी हात धरला. एका संचाला ही टेस्ट एकदाच. नाहीतर माणूस सोलत सोलत कांदा संपवतो.

सरासरी १२.३५, काठिण्य लिटरला २४७ मिलिग्रॅम. सहज म्हणून १२.७० धरूनही काढलं : सरासरी १२.४२, काठिण्य २४८. अख्खी दुपार गेली होती एका मिलिग्रॅमसाठी.

"त्या वेळी ब्युरेटच्या टोकात हवा नव्हती ना?" मॅडमनी विचारलं.

"होती की," पार्टनर म्हणाली, "पण मध्येच गेली आपोआप."

बुडबुडा निघाला की त्याची जागा ईडीटीए घेतो, फ्लास्कमध्ये थेंबही न पडता ब्युरेटमधली पातळी खाली उतरते आणि रीडिंग उगाच वाढतं. अशी चूक माहीत असली की रीडिंग सरळ रद्द करून वहीत कारण लिहायचं. टेस्ट लागतच नाही.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंच नाही, मॅडम."