विहिरीच्या क्लोराइडचा अहवाल: आमच्या प्रयोगशाळेचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "एकाच विहिरीच्या पाण्याचं क्लोराइड आधी 431 सांगितलं, चार दिवसांनी 281. काचेच्या नळीतून थेंब टाकतात आणि नजरेनं रंग बघून आकडा देतात. वर आमच्या बाटलीलाच दोष, आणि दुसऱ्या तपासणीचे वेगळे पैसे!"

नमस्कार. तुम्हाला चार दिवस घोर लागला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पहिला आकडा फोनवर सांगायलाच नको होता. बाटलीबद्दल शंका आली होती, तरी आमच्या सहायकाने घाई केली. ही चूक आमचीच.

पण "नजरेनं रंग बघून" हे वाचून वाईट वाटलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 50 मिलि पाण्यात पिवळ्या पोटॅशियम क्रोमेटचे काही थेंब टाकतो आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडत जातो. चांदी आधी क्लोराइडशी जुळते आणि पांढरा गढूळ साका धरतो. क्लोराइड संपलं की पुढचा थेंब क्रोमेटशी जुळतो. पिवळ्यावर विटकरी झाक येते, ती हलवल्यावरही जात नाही. तिथे ब्युरेट बंद करायची. शंकूपात्राखाली पांढरी फरशी असते आणि शेजारी तुलनेला डिस्टिल्ड वॉटरचं कोरं पात्र. कोऱ्या पात्रातही रंग यायला 0.3 मिलि लागतं, ते वजा करतो. आमचं द्रावण 0.0141 नॉर्मल आहे, त्यामुळे 50 मिलि नमुन्यासाठी प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे 10 मिग्रॅ क्लोराइड. तपासणीच्याच सकाळी तितक्याच तीव्रतेच्या मिठाच्या 20 मिलि द्रावणावर ते तपासलं होतं. 20.3 मिलि लागलं, म्हणजे कोऱ्याचं वजा करून बरोब्बर 20.

तुमच्या पहिल्या बाटलीला 43.4 मिलि लागलं, पुन्हा केलं तेव्हा 43.3. दुसऱ्या बाटलीला दोन्ही वेळा 28.4. एक थेंब साधारण 0.05 मिलिचा. दोन आकड्यांमधला 150 चा फरक नजरचुकीने पडायचा, तर आमच्या माणसाने तीनशे थेंब जास्त सोडायला हवेत. एखाददुसरा थेंब चुकतो, आम्ही नाकारत नाही. तीनशे नाही चुकत.

मग फरक आला कुठून? पहिल्या बाटलीतल्या पाण्याचा सामू 5.4 निघाला. विहिरीचं पाणी सहसा इतकं आंबट नसतं, शंका आली ती तिथेच. अशा पाण्यात क्रोमेटचं रूप बदलतं, लाल रंग उशिरा येतो आणि क्लोराइड उगाच जास्त दिसतं. म्हणून आधी सोडियम हायड्रॉक्साइडने सामू 8 च्या आसपास आणला, मगच टायट्रेशन केलं. तरीही 431. फोनवर विचारल्यावर तुम्हीच सांगितलंत की एक लिटरची बाटली संडास धुवायच्या अ‍ॅसिडने साफ केली होती. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे क्लोराइडच. दहा टक्के तीव्रतेचं जेमतेम दीड मिलि जरी तळाशी राहिलं, तरी एक लिटर पाण्यात 150 ची भर पडते.

हे अनुमान म्हणून सोडून दिलं असतं, पण पडताळा घेता येत होता. आम्लाने क्लोराइड वाढलं असेल, तर पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, त्याच हिशेबात घटली पाहिजे: 150 क्लोराइडमागे सुमारे 210. दुसऱ्या, स्वच्छ बाटलीत ती 240 होती, सामू 7.4. पहिल्या बाटलीत अल्कलिनिटी उरली होती फक्त 30. विहीर चार दिवसांत बदलली असती, तर हे दोन आकडे इतके नेमके जुळले नसते. तुमच्या विहिरीचं क्लोराइड 281 आहे. 250 च्या पुढे काहींना मचूळ चव जाणवू लागते, तुमच्या घरच्यांना जाणवते ती हीच.

बाटलीला दोष देऊन आम्ही हात झटकले, असं तुम्हाला वाटलं. खरं तर त्या दिवशी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून दोन्ही तपासण्या पुन्हा केल्या, कारण त्या आकड्यावर तुम्ही विहीर सोडून द्यायच्या विचारात होतात. तोच आकडा तसाच छापून दिला असता, तर दुसऱ्या तपासणीचा प्रश्नही आला नसता आणि हा अभिप्रायही.

दुसऱ्या तपासणीचं शुल्क परत करतो, पावती घेऊन या. बाटली कशी धुवायची (त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळून, साबण-अ‍ॅसिड काही न लावता) हे नोंदणीच्या कागदावर छापून घेतो, आणि जमेल तसं बाटल्याही इथूनच देऊ. तुमच्या दोन्ही बाटल्यांतलं उरलेलं पाणी चिठ्ठी लावून ठेवलं आहे. हवं तर सकाळच्या उजेडात या, समोर उभं राहून रंग कुठे पालटतो ते बघा.