सिरप देऊन झोपवायचं आणि विमानात बसवायचं? काय बाप्पा!

"ऑटिझम असलेल्या मुलाला विमानाने नेताय? १) आधी काही सांगू नका, उगाच टेन्शन घेतो. २) ४ तास आधी पोचा, आवाजाची सवय होते. ३) हेडफोन लावून ठेवा, मग काही त्रास नाही. ४) तासभर आधी सर्दीचं गुंगीचं सिरप द्या, झोपेतच पोचतो. ५) एअरलाइनला ऑटिझम सांगू नका, विमानातून उतरवतात. ६) स्कॅनरचे किरण मेंदूला घातक, मुलाला उचलून बाजूने न्या. सर्व पालकांपर्यंत पोचवा."

हा मेसेज पोचला. माझ्या मामेबहिणीपर्यंत पोचला आणि तिचा मला फोन आला, "ताई, मेडिकलवाल्याला विचारून ठेवलंय, दोन सिरपं आहेत म्हणतो, कोणतं घेऊ?" तिचा मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, मिक्सर लागला की कान दाबून खाटेखाली जातो. नागपूरहून पुण्याला लग्नाला जायचंय. मी विशेष शिक्षिका आहे. फोनवर जे बोलले ते छापण्यासारखं नव्हतं, म्हणून आता शांतपणे लिहिते. चौथ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बाकीच्यांनी प्रवास बिघडेल, याने लेकरू बिघडेल.

सर्दीच्या ज्या जुन्या औषधांनी गुंगी येते (फेनिरामिन, प्रोमेथाझिन, क्लोरफेनिरामिन ही त्यातली नेहमीची नावं) ती थेट मेंदूवर काम करतात. बऱ्याच मुलांना झोप येते, पण काहींना नेमकं उलटं होतं. मूल चिडचिडं होतं, रडतं, एका जागी बसत नाही. आपलं मूल कोणत्या गटातलं, हे विमानतळावर पहिल्यांदा कळावं अशी कुणाची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ साली प्रोमेथाझिनवर ठळक चौकटीतला इशारा घातला, की २ वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही, श्वास मंदावून मृत्यू झालेले आहेत. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या एका मिश्रणाच्या बाटलीवर "४ वर्षांखालील मुलांसाठी नाही" असं लिहायला लावलं. मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलं म्हणजे ते खेळणं होत नाही.

"पण माझा तर सातचा आहे." हो. पण ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना चिडचिड कमी करणारं रिस्पेरिडोन किंवा फिट्सची औषधं आधीच चालू असतात. त्यांच्यावर ही गुंगी वरून पडली की परिणाम वाढतो, आणि फिट्स असतील तर या औषधांनी त्या येण्याचा धोकाही वाढू शकतो. वर केबिनमधली हवा साधारण ८,००० फूट उंचीवरच्या डोंगराइतकी विरळ असते. श्वास मंदावणारं औषध देऊन मुलाला तिथे न्यायचं, हा सल्ला कुणाच्या डोक्यातून निघाला असेल?

आणि वेळेचं गणित तरी करा. घरून निघताना पाजलं तर गुंगी चढते ती नेमकी सुरक्षा तपासणीच्या रांगेत. तिथे मुलाला स्वतःच्या पायावर उभं राहून हात पसरायचे असतात. अर्धवट झोपेतलं मूल, अनोळखी जवान आणि कानाशी बीप. जागं असताना जे थोडंफार झेपलं असतं तेही मग झेपत नाही. नागपूर-पुणे उड्डाण आहे दीड तासाच्या आतबाहेर, औषध त्यानंतरही काही तास अंगात राहतं. म्हणजे लग्नघरी पोचेल तो पेंगुळलेला नाहीतर पिसाळलेला.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या विषारी सिरपने किडन्या निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. तिथे भेसळीचं रसायन होतं, गुंगीचं औषध नव्हतं. दोन्ही गोष्टी एक नाहीत, मला माहीत आहे. पण ते बघितलेल्या गावात "कोणतं घेऊ" हा प्रश्न मेडिकलच्या काउंटरवर विचारला जातो, याचा मला राग येतो. मुलाला औषधाची खरंच गरज असेल तर त्याचे नेहमीचे डॉक्टर ठरवतील, आणि ते पहिला डोस सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघायला सांगतील. विमानतळ ही पहिल्या डोसची जागा नाही.

आता हेडफोन. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. आवाज कमी करणारं काहीतरी हवंच. पण दोन गोष्टी या मेसेजवाल्याला माहीत नाहीत. एक, आवाज रद्द करणारे महागडे हेडफोन एसीची घरघर आणि इंजिनाचा एकसुरी आवाज छान मारतात. अचानक येणारी "टिंग-टाँग" आणि त्यामागची बाई त्यांच्यातून बऱ्यापैकी ऐकू येते. त्यासाठी कारखान्यात घालतात तसले साधे, कान पूर्ण झाकणारे इअरमफ जास्त कामाचे. दोन, आणि हे महत्त्वाचं, सुरक्षा तपासणीला ते काढून ट्रेमध्ये ठेवावे लागतात. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त बीप होतात, ट्रे आपटतात, लोक "आगे बढ़ो" म्हणतात, तिथेच मुलाचे कान उघडे पडतात आणि त्याची लाडकी वस्तू एका काळ्या बोगद्यात नाहीशी होते. मुलं बहुधा इथेच कोसळतात. "लावून ठेवा" एवढं सांगून कसं भागेल?

याची तयारी घरी होते. बहिणीला मी हे सांगितलं. मोठी परात घ्यायची, त्यात इअरमफ ठेवायचे. जेवणाच्या टेबलावर चादर टाकायची, ती दोन्हीकडून जमिनीपर्यंत. परात एका बाजूने आत सरकवायची, पलीकडे बाबांनी काढायची आणि लगेच इअरमफ मुलाच्या हातात. पहिल्या दिवशी ताबडतोब, मग पाच अंक मोजून, मग वीस. वस्तू आत जाते आणि बाहेर येते, हे त्याच्या डोळ्यांना पटायला हवं. मग पाटावर उभं राहून हात पसरायचे, कारण तिथेही बहुधा अशाच छोट्या ठोकळ्यावर उभं करतात, आणि घरातली एखादी काळी वस्तू, रिमोट चालेल, अंगाजवळून फिरवायची. बीप मोबाइलवरून, आधी अगदी हळू. हे जमलं की गर्दी नसलेल्या वेळी एखाद्या मॉलच्या दारातली चौकट. तिथे खरा बीप, खरा गणवेश, पण वैतागला तर घरी परतायची सोय.

इअरमफ ट्रेमध्ये असताना कानात फोमचे बोळे राहू देता येतात. ते चोळून बारीक करून घालायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे. ज्याला कानात काही चालत नाही किंवा जो सगळं तोंडात घालतो, त्याच्यासाठी हा मार्ग नाही. कपडे इलॅस्टिकचे घाला. धातूची चेन, बकल, टिचबटणं नकोत. यंत्र कमी वाजतं. दोघं मोठी माणसं असतील तर एकाने मुलाच्या पुढे जाऊन पलीकडे ट्रे पकडायचा, दुसऱ्याने मागे राहायचं. बायकांची तपासणी पडद्याआड वेगळी होते, तेव्हा मुलगा कुणासोबत जाणार हे घरीच ठरवा. आणि जवानाला रांगेतच सांगा, त्याला समजेल त्या भाषेत: "सर, बच्चा ऑटिस्टिक है, छूने से घबराता है. पहले मेरा चेक कीजिए, वो देख लेगा." बहुतेक जवान ऐकतात. तेही घरी लेकरं असलेली माणसं आहेत.

सहाव्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. माणूस जातो ती चौकट चुंबकीय क्षेत्राने धातू ओळखते. क्ष-किरण सामानाच्या यंत्रात असतात, जड पट्ट्यांच्या पडद्याआड, आणि तिथे आपण मूल ठेवत नाही. उचलून बाजूने न्यायला गेलात तर जवान अडवेल, आणि मग जो गोंधळ होईल तो मेंदूला नक्कीच घातक.

पाचवा मुद्दा मात्र खोडसाळ आहे, कारण त्यामागे खरी भीती आहे. मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नव्हतं. पण पुढे काय झालं ते मेसेज सांगत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि दिव्यांग प्रवाशांचा नियम (विभाग ३, मालिका एम, भाग १) आणखी कडक केला. आता दिव्यांगत्वाच्या कारणावरून नाकारता येत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर कंपनीने डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, काउंटरवरच्या माणसाच्या अंदाजावर नाही. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेच. त्याच नियमानुसार मदत हवी असेल तर किमान ४८ तास आधी कळवायचं असतं. फोन करून तिकिटावर DPNA हा कोड टाकायला सांगा. बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या, मदत लागणाऱ्या प्रवाशासाठीचा तो कोड आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, जवळ ठेवा. लपवलंत आणि मूल रांगेत किंचाळलं, तर त्यांच्या नजरेत तुम्ही एक बेशिस्त कुटुंब असता. सांगितलेलं असेल तर निदान नोंद असते.

आधी सांगायचं की नाही? सांगायचं, पण महिनाभर आधी नाही. काही मुलं एकच प्रश्न दिवसभर विचारत बसतात, त्यांना दोन दिवस आधी पुरे. तोंडी सांगू नका, फोटोंची पट्टी करा: गाडी, दार, रांग, परात, खुर्ची, विमान. झालेला फोटो काढून खिशात टाकायचा. पट्टीत एक पिवळं कोरं कार्ड ठेवा, "बदल" नावाचं. थंडीत दिल्लीत धुकं पडलं की इकडची विमानंही लटकतात, तेव्हा ते कार्ड खुर्चीच्या पुढे लावायचं. घरी ते आधी वापरून झालेलं असावं: ठरवलेली इडली रद्द, बदल, पोहे. टायमर लावायचाच असेल तर दहा मिनिटांचा, एका खेळासाठी. विमानाच्या वेळेवर टायमर लावलात आणि विमान उशिरा आलं, तर मुलाच्या दृष्टीने तुम्ही खोटं बोललात.

आणि चार तास आधी? सवय होत नाही, सहनशक्ती संपते. चेक-इन घरूनच मोबाइलवर करा. एकाने आत जाऊन बॅगा द्याव्यात, दुसऱ्याने मुलाला घेऊन गाडीतच बसावं. विमानतळाजवळच्या सोनेगावच्या रस्त्यावर गाडीत एसी लावून बसणं टर्मिनलच्या खुर्चीपेक्षा केव्हाही बरं. फक्त आधी काउंटरवर फोनवरून विचारा, कधी सगळ्यांना समोर बोलावतात. विमानात चढताना ज्यांना मदत लागते त्यांना आधी बोलावतात, ती सवलत प्रत्येकाला मानवत नाही. उभ्या विमानात पट्टा लावून अर्धा तास बसणं ज्याला जमत नाही, त्याच्या बाबांनी सामान घेऊन आधी चढावं आणि आईने मुलाला घेऊन शेवटी. गेटवरच्या माणसाला "आम्ही शेवटी येतो, आमच्यासाठी थांबा" हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमच्या नावाची घोषणा होईल, तीही माइकवरून.