कोरफडीचं पिल्लू उपटू नका, सोडवा

"कोरफडीला पिल्लं दिसली की लगेच उपटा, मोठ्या कुंडीत लावा आणि त्याच दिवशी भरपूर पाणी घाला. स्नेक प्लांटचं तर एक पान खोचलं तरी तसंच झाड येतं." असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो जसाच्या तसा पाळू नका.

पिल्लू मातीखाली आईला जाड दांड्याने जोडलेलं असतं. वरून ओढलं की ते मानेपाशी तुटतं आणि त्याची मुळं कुंडीतच राहतात. चार-पाच पानं येऊन ते वीतभर होईपर्यंत थांबा, तोवर त्याला आईचा आधार हवा असतो. मग माती कोरडी असताना कुंडी आडवी करून सगळा गड्डा बाहेर काढा. माती बोटांनी झाडली की जोड दिसतो. तो स्वच्छ सुरीने आईच्या बाजूने कापा, म्हणजे मुळं पिल्लाकडे राहतात.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या 10 इंची कुंडीतून अशी सात पिल्लं निघाली. पाचांना बोटभर मुळं होती, दोघांना अजिबात नव्हती. ती दोन मी पाच दिवस सावलीत सुकवून जेमतेम ओलसर वाळूत टेकवली. तीन आठवड्यांनी हलकं ओढलं तर हलेनात, म्हणजे मुळं धरली होती. बिनमुळांचं पिल्लूही जगतं, पण ते सुकवावं लागतं.

कुंडी 4 इंचांची पुरते. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि कूज तिथून सुरू होते. अर्धी माती, अर्धी जाड वाळू किंवा विटांचा चुरा घ्या.

सगळ्यात जास्त पिल्लं मरतात ती पहिल्याच दिवशीच्या पाण्याने. कापलेली जागा ही उघडी जखम असते. मुळं असली तरी पिल्लू दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, कोरड्या मातीत लावा आणि पहिलं पाणी आठवड्याने द्या. या काळात पानं थोडी पातळ होतील, आत वळतील. बुडखा घट्ट असेल तर ती फक्त तहान आहे. बुडखा तपकिरी, पिळपिळीत होऊन वास येऊ लागला, तर मात्र ती कूज. तेव्हा स्वच्छ, घट्ट गर दिसेपर्यंत कापा आणि पुन्हा सुकवा. भर पावसाळ्यात जखमा सुकतच नाहीत, म्हणून हे काम तेव्हा मी टाळते.

स्नेक प्लांटच्या पानाबद्दलचं ते म्हणणं साध्या हिरव्या जातीपुरतं खरं आहे, फक्त कोंब यायला कित्येक महिने लागतात. पिवळ्या काठाच्या 'लॉरेंटी'चं पान लावलंत, तर येणारं झाड निव्वळ हिरवं असतं. तिच्या पानात काठाच्या आणि मधल्या पेशी मुळातच वेगळ्या असतात आणि पानाच्या तुकड्यातून उगवताना ती जोडी टिकत नाही. काठ हवा असेल तर जमिनीखालचा जाड, नारिंगीसर कंदच विभागायचा. प्रत्येक तुकड्याला पानांचा एक झुपका आणि थोडी मुळं ठेवायची. प्लॅस्टिकची कुंडी बाजूने फुगलेली दिसली, की आत कंदाला जागा उरलेली नसते. अशी कुंडी कापूनच काढा. पानं धरून ओढलीत तर हातात नुसती पानंच येतील.