बर्ड ऑफ पॅराडाइजला फूल का आलं नाही

"अडीच वर्षांपूर्वी या नर्सरीतून बर्ड ऑफ पॅराडाइज नेलं. यांच्याच माणसाने सांगितलं म्हणून २० इंची कुंडीही घेतली. दर पंधरवड्याला खत घालतोय. पानं कमरेच्या वर गेलीत, फूल आजवर एकही नाही. चुकीचं रोप गळ्यात मारलंय असं वाटतं. फोटो सोबत टाकलेत."

नमस्कार. आधी आमची चूक सांगतो. ती कुंडी आमच्या माणसाने तुम्हाला द्यायलाच नको होती. रोप दोन फुटव्यांचं होतं, १० इंची पिशवीतलं. त्याला १२ इंची कुंडी भरपूर झाली असती. 'मोठी घ्या, परत बदलायला नको' हा सल्ला जास्वंदीला चालेल, या झाडाला नाही, आणि तो आमच्या दुकानातून गेला याचं मला खरंच वाईट वाटतं.

याची मुळं बोटाएवढी जाड आणि मांसल असतात. कुंडी ऐसपैस मिळाली की झाड आधी मुळं पसरवतं आणि बाजूला नवे फुटवे काढतं. मुळं कुंडीच्या कडेला भिडून दाटली की मग ते फुलाकडे वळतं. शिवाय मोठ्या कुंडीत मधली माती खूप दिवस ओली राहते आणि मुळं सुस्तावतात. म्हणून तुमचं झाड तब्येतीने उत्तम दिसतं, पण दांडा काढत नाही.

रोप चुकीचं नाही, हे फोटोंवरून खात्रीने सांगतो. पांढऱ्या फुलाची मोठी जात असती तर पानं केळीसारखी रुंद असती आणि वय वाढेल तसं खाली खोड तयार झालं असतं. तुमच्या झाडाला खोड नाही, पानं चमच्यासारखी, निळसर झाक असलेली, थेट मातीतून लांब देठांवर आलेली आहेत. हीच केशरी-निळ्या फुलाची जात.

त्याच फोटोंत मला कुंडीपेक्षाही जास्त खटकली ती देठांची दिशा. सगळे देठ एकाच बाजूला, रेलिंगकडे झुकलेत आणि लांबले आहेत. बाल्कनीत उजेड भरपूर असेल, पण झाडावर थेट ऊन पडत नसावं. याला रोज निदान पाच-सहा तास ऊन हवं. उजेडावर पानं येत राहतात, फूल उन्हावर येतं. कुंडी गच्चीवर किंवा पूर्वेच्या बाल्कनीत हलवा, पण एकदम नको. पहिला आठवडा सकाळचं दोन तास ऊन, मग हळूहळू वाढवत तीन आठवड्यांत पूर्ण. सावलीतली पानं थेट दुपारच्या उन्हात गेली की करपतात आणि ती पुन्हा हिरवी होत नाहीत.

दर पंधरवड्याला घालताय ते खत कोणतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. १९:१९:१९ किंवा युरिया असेल तर लगेच थांबवा, त्यातल्या नत्राने पानंच येतात. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, दोन-तीन मुठी जुनं शेणखत कुंडीच्या कडेकडेने घाला, तेवढं पुरे. मधोमध नको. तुमच्या कुंडीत फुटव्यांच्या बुडाशी माती चढलेली दिसते, ती हाताने बाजूला करा. फुटवा जिथून निघतो तो भाग मातीच्या पातळीला उघडा दिसायला हवा, पुरला गेला की फूल लांबतं.

आता लहान कुंडीत काढू नका आणि फुटवे तर अजिबात वेगळे करू नका. फुटवे तोडलेलं झाड पुन्हा एक-दोन वर्षं थांबतं. अडीच वर्षांत मुळांनी बरीच जागा घेतली असेल. कडेची माती चार बोटं उकरून पाहा. जाड मुळं कुंडीला टेकली असतील तर तुम्ही फुलाच्या जवळ आहात. वरची माती दोन इंच वाळल्याशिवाय पाणी देऊ नका. हिरवी पानंही छाटू नका, कारण फुलाचा दांडा पानाच्या बेचक्यातूनच निघतो.

नवीन पान सुरळीसारखं गोल येतं. फुलाचा दांडा येतो तेव्हा त्याचं टोक चपटं, चोचीसारखं असतं आणि हळूहळू आडवं वळतं. तसं दिसलं की कुंडी हलवू नका.

हे सगळं केलं तरी फूल या हिवाळ्यात येईलच असं वचन देत नाही, पुढचा हिवाळाही लागू शकतो. तुम्ही पुण्यातच असाल तर येत्या रविवारी मी स्वतः येऊन ऊन आणि मुळं बघून जातो, त्याचे पैसे नाहीत. त्या २० इंची कुंडीची किंमत परत न्या, पावती नसली तरी चालेल. आणि फूल आल्यावर जात वेगळी निघाली तर आमच्या बागेतलं फुलावर असलेलं झाड घेऊन जा.

— नर्सरीचा मालक