कंपोझिशनचा एक टक्का आणि हातातून जाणारं क्रेडिट

जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत जा, असं सांगणारा हा फॉरवर्ड दुकानदारांमध्ये फिरतो: "छोट्या दुकानदारांनो, जागे व्हा! रेग्युलरमध्ये सरकारला १८ टक्के, कंपोझिशनमध्ये फक्त १ टक्का. शंभरामागे सतरा रुपये वाचले. दर महिन्याच्या रिटर्नची कटकट संपली. आणि नाही पटलं तर परत रेग्युलर व्हायला कितीसा वेळ लागतो? ३१ मार्चच्या आत अर्ज करून टाका."

सतरा रुपये कुठून आले?

अठरा आणि एक हे आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत, कारण ते एकाच रकमेवर लागत नाहीत. रेग्युलर दुकानदार विक्रीवर अठरा टक्के गोळा करतो, पण खरेदीच्या वेळी भरलेला कर त्यातून वजा करून उरलेलाच भरतो. ही वजावट म्हणजेच क्रेडिट. म्हणजे त्याच्या हातून जाणारा कर हा त्याने खरेदीवर जे चढवलं, तेवढ्यावरचाच असतो. कंपोझिशनवाला मात्र करपात्र मालाच्या विक्रीतून गल्ल्यात आलेल्या संपूर्ण रकमेवर एक टक्का भरतो आणि खरेदीवर भरलेला कर त्याला कधीच परत मिळत नाही. तो मालाच्या किमतीत मुरतो. शिवाय हा एक टक्का बिलात दाखवून गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, तो खिशातूनच द्यायचा.

एक हार्डवेअरचं दुकान घेऊ. रंग, पीव्हीसी पाइप, नटबोल्ट असा सगळा १८ टक्क्यांचा माल. वर्षाची खरेदी ६० लाख, त्यावर जीएसटी १०,८०,०००. मालक खरेदीवर सरासरी १५ टक्के चढवतो, म्हणजे विक्री ६९ लाख आणि त्यावरचा कर १२,४२,०००. गिऱ्हाइकांनी एकूण दिले ८१,४२,०००.

रेग्युलरमध्ये त्याने भरायचे १२,४२,००० वजा १०,८०,०००, म्हणजे १,६२,०००. कंपोझिशनमध्ये त्याच भावाला माल विकला तर ८१,४२,००० चा एक टक्का, म्हणजे ८१,४२०. बचत ८०,५८० रुपये. ही रक्कम खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण शंभराच्या गल्ल्यामागे ती सतरा रुपये नाही, एक रुपयाही पुरता नाही.

त्यातूनही अजून काही वजा होतं, आणि तेच बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. दुकानाचं भाडं महिना २५,००० आणि जागामालक नोंदणीकृत असेल, तर वर्षाला ५४,००० जीएसटी भाड्यावर जातो. सीएची फी, बिलिंगचं सॉफ्टवेअर, फोन मिळून ४०,००० चा खर्च धरला तर त्यावरचे आणखी ७,२००. रेग्युलरमध्ये हे ६१,२०० क्रेडिटमध्ये येतात, कंपोझिशनमध्ये बुडतात. उरली बचत १९,३८०. ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्यावर रिव्हर्स चार्जने, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याऐवजी दुकानदाराने, कर भरावा लागत असेल, तर तो कंपोझिशनमध्येही रोखीने भरावाच लागतो आणि त्याचंही क्रेडिट नाही.

पाच टक्क्यांच्या मालावर गणित उलटं फिरतं

वरची बचत १८ टक्क्यांच्या मालाची होती. कराचा दर कमी झाला की रेग्युलरमध्ये नफ्यावर बसणारा करही कमी होतो, पण कंपोझिशनचा एक टक्का तिथल्या तिथेच राहतो. खर्चावरचं क्रेडिट बाजूला ठेवून दोन्ही बाजू नेमक्या बरोबरीत कुठे येतात ते काढलं, तर १८ टक्क्यांच्या मालासाठी खरेदीवर चढवलेले सुमारे ७ टक्के निघतात. याहून जास्त चढवत असाल आणि गिऱ्हाईक घरगुती असेल, तर कंपोझिशनमध्ये कर कमी पडतो. ५ टक्क्यांच्या मालासाठी हीच रेघ जवळजवळ २७ टक्क्यांवर जाते.

किराणा दुकानात खरेदीवर २७ टक्के कोण चढवतं? दहा टक्के धरू. शंभराचा माल एकशे दहाला, त्यावर पाच टक्के, गिऱ्हाइकाने दिले ११५ रुपये ५० पैसे. रेग्युलरमध्ये भरायचे ५० पैसे. कंपोझिशनमध्ये १ रुपया १५ पैसे. दुपटीहून जास्त.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले, फरसाण आणि तूप १२ वरून ५ वर. ज्या दुकानदाराने जुन्या दरांवर हिशेब करून कंपोझिशन घेतलं होतं, त्याचा त्या वेळचा निर्णय बरोबर असेलही. पण आता तो पुन्हा तपासायला हवा. मला या फॉरवर्डचा खरा राग येतो तो इथे. माल कोणता, दर कोणता, हे न विचारता तो सगळ्यांना एकच औषध देतो.

समोरचा गिऱ्हाईक क्रेडिट घेणारा असेल तर

हार्डवेअरच्या दुकानात परत येऊ. त्याच्या ६० लाखांच्या खरेदीतला १० लाखांचा माल दोन-तीन नोंदणीकृत कंत्राटदारांकडे जातो असं धरू. रेग्युलर दुकानदार त्यांना ११,५०,००० अधिक २,०७,००० जीएसटी असं बिल देतो. कंत्राटदार ते २,०७,००० क्रेडिटमध्ये घेतो, म्हणजे त्याला माल पडला साडेअकरा लाखांना.

कंपोझिशनवाल्याला टॅक्स इन्व्हॉइस देताच येत नाही. तो बिल ऑफ सप्लाय देतो आणि त्यावर आपण कंपोझिशनमध्ये आहोत, कर गोळा करण्यास पात्र नाही, हे त्याला लिहावं लागतं. त्याने १३,५७,००० चं बिल केलं तर कंत्राटदाराला माल तेवढ्यालाच पडतो, क्रेडिट शून्य. असा कंत्राटदार एक तर शेजारच्या दुकानात जाईल, नाहीतर म्हणेल, "शेठ, मला साडेअकरालाच द्या." साडेअकरा लाखांना दिला तर काय होतं पाहा. तो माल दुकानदाराला करासह ११,८०,००० ला पडला आहे. म्हणजे ३०,००० चा सरळ तोटा, वर एक टक्क्याचे ११,५००.

आता वर्षाची बेरीज. घरगुती गिऱ्हाईक धरून निघालेली बचत ८०,५८०. कंत्राटदारांना भाव पाडून दिल्याने २,०७,००० गेले, गल्ला कमी झाल्याने एक टक्क्यातले २,०७० वाचले. निव्वळ १,२४,३५० चं नुकसान, आणि भाडं-फीवरचं बुडालेलं क्रेडिट यात अजून धरलेलंच नाही. एकूण विक्रीचा सहावा हिस्सा कंत्राटदारांकडे गेला, तेवढ्याने पारडं फिरलं.

एक सावधगिरी मात्र हवी. गिऱ्हाइकाकडे जीएसटी नंबर आहे म्हणजे तो क्रेडिट घेतोच असं नाही. ५ टक्क्यांनी कर भरणारा हॉटेलवाला किंवा स्वतः कंपोझिशनमध्ये असलेला दुकानदार क्रेडिट घेऊ शकत नाही. त्यांना तुमच्या बिलाचा प्रकार कोणता याने फरक पडत नाही, ते फक्त एकूण भाव बघतात.

सीमेवरच्या दुकानांनी आणखी एक गोष्ट बघावी. कंपोझिशनमध्ये परराज्यातून माल आणता येतो, पण परराज्यात विकता येत नाही. गडहिंग्लजच्या दुकानातून निपाणीच्या साइटवर टेम्पो भरून माल पाठवला, की योजनेची अटच मोडली.

रिटर्नची कटकट

कंपोझिशनमध्ये दर तिमाहीला CMP-08 आणि वर्षाला एक GSTR-4 भरायचा असतो. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या रेग्युलर दुकानदाराला जानेवारी २०२१ पासून QRMP निवडता येतं, म्हणजे GSTR-1 आणि GSTR-3B तिमाहीलाच. मधल्या दोन महिन्यांत फक्त चलन भरायचं. काम रेग्युलरमध्ये जास्त आहे हे खरंच, कारण खरेदीची बिलं GSTR-2B शी जुळवावी लागतात. त्यासाठी सीए वर्षाला किती जास्त घेतो ते त्याला विचारा आणि ती रक्कम कंपोझिशनच्या बाजूने मांडा.

जाणं आणि परत येणं

चालू रेग्युलर नोंदणीतून कंपोझिशनमध्ये फक्त आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच जाता येतं. त्यासाठी ३१ मार्चपर्यंत CMP-02 भरायचा. फॉरवर्ड इथेच थांबतो. पण वर्ष सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ITC-03 भरून दुकानात पडून असलेल्या मालावरचं क्रेडिट परत करावं लागतं. आपल्या दुकानात ३१ मार्चला १२ लाखांचा माल असेल तर ही रक्कम २,१६,००० होते. क्रेडिट लेजरमध्ये तेवढी शिल्लक नसेल तर रोख. शिल्लक जास्त असेल तर उरलेली रद्द होते, पुढे नेता येत नाही.

बाहेर पडणं वर्षात केव्हाही शक्य आहे, CMP-04 भरून. तेव्हा हातातल्या मालावरचं क्रेडिट ३० दिवसांत ITC-01 भरून परत मिळवता येतं, पण एका वर्षापेक्षा जुन्या बिलांचं नाही. न खपलेला, वर्षानुवर्षं फळीवर पडलेला माल ज्यांच्याकडे जास्त, त्यांचं क्रेडिट जाताना जातं आणि येताना येत नाही.

स्वतःचा हिशेब कसा काढायचा

हे सगळं तुमच्या भरलेल्या रिटर्नमध्येच आहे. मागच्या वर्षाच्या सगळ्या GSTR-3B मधून रोखीने भरलेल्या कराची बेरीज करा, रिव्हर्स चार्जचा कर सोडून. माल, भाडं, फी या सगळ्यांचं क्रेडिट त्यातून आधीच वजा झालेलं असतं. या बेरजेतून करपात्र मालाच्या एकूण विक्रीचा एक टक्का वजा करा, क्रेडिट घेणाऱ्या गिऱ्हाइकांची विक्री कर सोडून आणि बाकीची करासह धरून. मग GSTR-1 मधल्या, क्रेडिट घेणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बिलांवरचा एकूण कर वजा करा. आता उरलेला आकडा शून्याच्या वर असेल तरच कंपोझिशनचा विचार करा.

वर्षअखेरीला माल नेहमीपेक्षा जास्त भरला असेल, तर त्या वर्षी रोखीने भरलेला कर फसवा कमी दिसतो. अशा वेळी वाढलेल्या मालावरचं क्रेडिट त्या बेरजेत परत मिळवा. क्रेडिट लेजरमधली शिल्लक वर्षभरात वाढली असेल तर तो फरक उलट बेरजेतून वजा करा: ते क्रेडिट तुम्ही वापरलंच नाही, म्हणून रोखीने भरलेली रक्कम खऱ्यापेक्षा तेवढी जास्त दिसते.