चौतीस लिहा, बिनधास्त लिहा

फॉर्मवर 'वय (पूर्ण वर्षे)' असा रकाना दिसला की कंसाकडे अजिबात लक्ष द्यायचं नाही. ते दोन शब्द महत्त्वाचे असते तर कंसात कशाला कोंबले असते? रकान्याच्या वर बारीक अक्षरात 'दि. १० ऑगस्ट २०२४ रोजीचे वय' असंही काहीतरी असतं. तेही सोडून द्या. फॉर्म तुम्ही भरताय २ सप्टेंबरला, मग ऑगस्टातल्या वयाची चौकशी हवी कशाला!

समजा, तुमचा जन्म १५ ऑगस्ट १९९०चा. सप्टेंबरात तुम्हाला चौतीस पुरी झालेलीच आहेत, तेव्हा ३४ लिहून मोकळे व्हा. १० ऑगस्टला वाढदिवसाला पाच दिवस बाकी होते आणि त्या दिवशी पुरी झालेली वर्षं ३३च होती, ही कटकट फॉर्म तपासणाऱ्याची.

मन खातंच असेल तर पडताळा घ्या. २०२४ मधून १९९० वजा करा. ३४. महिना आणि दिवस या वजाबाकीत येतच नाहीत, म्हणून तर ती इतकी सुटसुटीत आहे. त्या सालचा वाढदिवस दिलेल्या तारखेपर्यंत आला नसेल तर आलेल्या उत्तरातून एक कमी करायचा असतो, असं काही जण सांगतात. हातातलं वर्ष असं कुणाच्या सांगण्यावरून सोडतात का?

फारच चोख राहायचं असेल तर दिवस-महिना-वर्षं अशी उभी वजाबाकी मांडा. वर १०-८-२०२४, खाली १५-८-१९९०. दहातून पंधरा जात नाहीत. इथे भित्री माणसं हातचा घेतात. आधीचा महिना जुलै, म्हणून ३१ दिवस उसने आणतात, ४१ मधून १५ वजा करून २६ दिवस काढतात. मग महिन्यांत आठाचे सात उरले, सातातून आठ जात नाहीत, म्हणून वर्षातून बारा महिने आणतात. शेवटी एवढा घाम गाळून ३३ वर्षं, ११ महिने, २६ दिवस. तुम्ही मात्र मोठ्या आकड्यातून लहान वजा करा. पंधरातून दहा गेले पाच, आठातून आठ गेले शून्य, आणि वर्षं ३४. बाकी पाच दिवस! हे पाच दिवस उरलेले नसून कमी पडलेले आहेत, हे कागदावर थोडंच दिसतं?

आणि चुकून हातचा घेतलाच, तरी घाबरू नका. ११ महिने २६ दिवस म्हणजे जवळजवळ वर्षच की. करा पूर्णांक. शिवाय घरातही 'चौतिसावं चालू आहे' असंच म्हणत होते. चौतिसावं चालू म्हणजे तेहतीस पुरी, या न्यायाने पाळण्यातल्या बाळाला पहिलं चालू असताना वय शून्य भरावं लागेल. शोभतं का ते?

संगणकावर विश्वास असेल तर दोन तारखांमधले दिवस काढा. १२,४१४ येतात. भागिले ३६५, उत्तर ३४.०१. मधल्या नऊ लीप वर्षांनी एकेक दिवस जास्तीचा टाकलाय आणि त्यामुळे वाढदिवसाच्या आधीच चौतीस भरतात, तर भरू देत. कुणी ३६५.२५ने भागायला सुचवेल. त्याला १ मार्च २००४ ची जन्मतारीख द्या आणि १ मार्च २०२२ चं वय विचारा. ६,५७४ दिवस, उत्तर १७.९९८६, म्हणजे बरोबर अठराव्या वाढदिवशी पोरगं सतराचं.

एक पद्धत मात्र कटाक्षाने टाळा. दोन्ही तारखा वर्ष-महिना-दिवस अशा सलग आठ आकड्यांत लिहायच्या, महिना आणि दिवस दोन-दोन आकडी, आणि साध्या कॅल्क्युलेटरवर वजाबाकी करून दहा हजारांनी भागायचं:

```
(20240810 - 19900815) / 10000 = 33.9995
```

दशांश चिन्हाच्या डावीकडचा आकडा म्हणजे पूर्ण वर्षं. उजवीकडचं सगळं पुसून टाकायचं. ते महिने नव्हेत, दिवसही नव्हेत. वाढदिवस आला नसेल तर शेवटचे चार आकडेच वर्षातला एक खाऊन टाकतात, त्यामुळे लीप वर्षाचा प्रश्नच उरत नाही. असल्या निर्दय हिशेबाच्या नादी कोण लागणार!

तेव्हा एका पारड्यात हा एकटा तेहतीस (त्या हातच्यावाल्यांचाही तोच), आणि दुसऱ्यात आजची तारीख, सालांची वजाबाकी, उलटी वजाबाकी, पूर्णांक आणि ३६५चा भागाकार. पाचामुखी परमेश्वर. लिहा ३४. खालच्याच ओळीत जन्मतारीख भरायची आहे, तीही सुवाच्य अक्षरात भरा, म्हणजे तपासणाऱ्याला ३४ वर लाल गोल करायला शोधाशोध नको.